खुर्ची मोडली तेव्हा सगळे हसलो, मग बिनसलं कुठे?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. आमचा कॉलेजपासूनचा ग्रुप आहे. फेब्रुवारीत ग्रुपमधल्या एकीच्या हळदीला सगळे जमलो होतो, गच्चीवर मांडव, खाली गुळगुळीत टाइल्स आणि डेकोरेशनवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एक मित्र, इथे त्याला स म्हणते, मसालेभाताची प्लेट घेऊन खुर्चीत बसला, जरा मागे रेलला आणि खुर्चीचे मागचे पाय फाकून ती सपशेल खाली. स पण खाली, पण प्लेट वरच्या वर धरलेली. सेकंदभर सगळे गप्प, मग स जमिनीवरूनच म्हणाला "भात वाचला!" आणि अख्खा मांडव हसत सुटला. मीही पोट धरून हसले, आणि त्यात काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढचं मात्र खटकतंय. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं, त्यात हे आलं. रात्री ग्रुपवर क्लिप, दुसऱ्या दिवशी स चा खाली बसलेला स्टिकर. स अंगाने भरलेला आहे, त्यामुळे मग "लोखंडी खुर्ची मागवा", कुठे जेवायला जायचं ठरलं की "हॉटेलवाल्याला आधी कल्पना द्या", असं सुरू झालं. एकाच्या बायकोला स पहिल्यांदाच भेटला तर ती म्हणाली "अच्छा, खुर्चीवाले तुम्हीच!" जूनमध्ये स ग्रुपमधून बाहेर पडला, कारण दिलं काम वाढलंय.

आता ग्रुपमध्ये दोन तट आहेत. अर्धे म्हणतात तो स्वतः हसला होता, पहिला जोक त्याचाच होता, मग आता काय झालं. मला वाटतं पहिलं हसणं आणि नंतरचं हसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण नेमकी रेघ कुठे ते सांगता येत नाही. मुळात मित्र पडला की आपण हसतो का, आणि ते कुठे वाईट होतं, तुमचं काय मत?

चहाबाज

पडताना प्लेट सरळ धरणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. बाकी चर्चा वाचतोय.

सह्यकडा

रेघबिघ काही नाही हो. हसणं म्हणजे मुळातच वरचढपणा. थॉमस हॉब्जने सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय की दुसऱ्याचं उणं दिसल्यावर आपल्याला एकदम जो मोठेपणा वाटतो तेच हसू. तो पडला, मी उभा आहे, विषय संपला. तुमचं पहिलं हसणं पण क्रूरच होतं, फक्त हळदीच्या वातावरणात खपून गेलं. नंतरचं त्याचंच पुढचं पाऊल.

मांडववाला_नाशिक

ताई, खुर्चीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो, आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. असली खुर्ची धड असेल तर नुसत्या वजनाने सहसा मोडत नाही, आमच्याकडे चांगले वजनदार पाहुणे बसून जातात. खुर्ची मरते उन्हाने. वर्षानुवर्षं गोडाऊनच्या बाहेर, टेम्पोवर, गच्चीवर उन्हात थप्पी लावून ठेवली की प्लास्टिक कडक होतं, लवचिकपणा जातो. हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागते, रंग उडालेला असतो, आणि पाय जिथे सीटला जुळतो तिथे केसाएवढी पांढरी रेघ दिसते. रेघ दिसली की ती खुर्ची आम्ही बाजूला काढतो. सगळे काढत नाहीत.

दुसरं टाइल्स. मातीवर किंवा सतरंजीवर पाय रुततो. गुळगुळीत टाइल्सवर माणूस मागे रेलला की मागचे पाय बाहेर सरकतात आणि सगळा ताण त्या जोडावर येतो. तुम्ही लिहिलंय मागचे पाय फाकले, म्हणजे हेच. त्या मित्राच्या जागी बारीक माणूस रेलला असता तरी ती खुर्ची त्या दिवशी नाहीतर पुढच्या कार्यक्रमात कुणाला तरी पाडणारच होती. डेकोरेशनवाल्याला नक्की सांगा, म्हातारं माणूस पडलं तर खुब्याचं हाड जातं.

चहाबाज

हसण्यावरचा धागा खुर्चीच्या पोस्टमॉर्टेमवर गेलेला बघून डोळे पाणावले.

खेकडा_मालवण

माका तर ह्या सगळा शहरी नाजूकपणा वाटता. आमच्या वाडीत प्रत्येकाला एक नाव आहे. एक जण होडीतून उतरताना चिखलात बसला तो आयुष्यभर चिखल्या. त्याची पोरं पण चिखल्याची. कोणी वाडी सोडून गेला नाही. भेटल्यावर पहिला शब्द शिवीच असते, ती नसली तर माणूस विचारतो काय रे, रागावलास काय. थट्टा बंद झाली म्हणजे संबंध तुटले असं आमच्यात धरतात.

तर्कटी

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

सह्यकडा, हॉब्जचं बरोबर आहे पण अर्धंच. नुसत्या वरचढपणाने हसू येत असतं तर रस्त्यात लंगडणारा माणूस दिसला की आपण रोज हसलो असतो. तिथे हसू येत नाही, पोटात कालवतं. उलट ज्याच्यापुढे आपण स्वतःला कमी समजतो, समजा ग्रुपमधली सुगरण, तिचा पाक बिघडला तर हसू जास्त येतं, आणि तिला शेजारी बसवून आपण तोच बिघडलेला लाडू खातो. त्या हसण्यात वर चढणं कमी, जवळ येणं जास्त असतं. तरी पूर्ण निरागस पण म्हणणार नाही. प्लेटोच्या फिलेबस नावाच्या संवादात नेमका हाच प्रश्न आहे, मित्राच्या निरुपद्रवी अज्ञानाला आपण हसतो तेव्हा त्या मजेत थोडी असूया मिसळलेली असते असं तिथे सॉक्रेटिस म्हणतो. म्हणजे मित्राच्याच बाबतीत हे उठून दिसतं हे त्या लोकांनाही जाणवलं होतं.

अलीकडचं मला जास्त पटणारं उत्तर पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांचं, २०१० चं. ते म्हणतात दोन गोष्टी एकाच क्षणी जाणवाव्या लागतात, काहीतरी चुकलंय आणि तरी सगळं ठीक आहे. खुर्ची मोडली, हे चुकलं. "भात वाचला" ऐकू आलं, म्हणजे ठीक आहे. निशिगंधाने लिहिलेली ती सेकंदभराची शांतता बघा, त्या सेकंदात अख्खा मांडव "लागलं का?" हे तपासत होता. उत्तर आल्यावर हसू फुटलं. स उठताना कळवळला असता तर तेच लोक पाणी घेऊन धावले असते.

त्यांचंच २०१२ चं काम अजून जवळचं आहे. मोठा अपघात असेल तर तो लांबचा, जुना किंवा अनोळखी माणसाचा असला तरच हसू येऊ शकतं. छोट्या फजितीचं उलटं, ती ताजी आणि जवळच्या माणसाची असली तर जास्त हसू येतं. मित्र कुठेही न लागता पडला हे म्हणूनच सगळ्यात हसरं. अनोळखी माणूस तसाच पडला तर आपण बघून न बघितल्यासारखं करतो.

आता गंमत अशी की याच हिशेबाने ती फजिती काही आठवड्यात शिळी व्हायला हवी होती. छोटी गोष्ट जुनी झाली की त्यात चुकल्यासारखं काही उरत नाही. पण ग्रुपमध्ये हसणं वाढलं. माझ्या मते याचा अर्थ लोक पडण्याला हसत नव्हतेच, हसण्याला दुसरा विषय मिळाला होता. आणि तो विषय काय ते मांडववाल्यांनी न सांगता सांगितलंय.

निशिगंधा

तर्कटी, शेवटचं वाक्य जरा उलगडा ना. मांडववाले, तुमचा प्रतिसाद वाचून मी खरंच चमकले, त्या खुर्चीचा रंग विटका होता हे क्लिपमध्ये दिसतंय.

तर्कटी

पहिल्या हसण्याला कारण लागलं नाही. खुर्ची होती, एकदम नाही, हसलो. नंतर सगळ्यांनी मिळून कारण ठरवलं, तो जाड आहे म्हणून मोडली. कुणी खुर्ची तपासली नाही, कारण कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं. आणि एकदा ते ठरलं की हसणं त्या संध्याकाळच्या घटनेवर राहत नाही, ते माणसाच्या अशा गोष्टीवर जातं जी तो उद्या पण घेऊन येणार आहे आणि परवा पण. पडलेला माणूस उठतो. वजन उठून बाजूला ठेवता येत नाही. तिथे "तरी सगळं ठीक आहे" हा अर्धा भाग निघून गेला, निदान स च्या बाजूने.

मी रेघ इथे मारेन. लोक काय झालं यावर हसतायत की असा आहे म्हणून झालं यावर.

सह्यकडा

लाडवाचा मुद्दा मान्य. पण तुमची रेघ मला फार सोयीची वाटते. "भात वाचला" वर हसणाऱ्या मांडवात निम्म्या लोकांच्या मनात त्याच क्षणी "जाड्या पडला" आलंच असणार, फक्त बोलले नाहीत. बारीक माणूस पडला असता तर इतके हसले असते का?

तर्कटी

काहींच्या मनात आलं असेल, नाकारत नाही. पण मनात येणं आणि स्टिकर करणं यात बराच रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर थांबायला भरपूर जागा असते.

रेवा_आर

मी बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, पण यावर लिहावंसं वाटलं. मी बोलताना अडखळते, लहानपणापासून. माझ्या मैत्रिणी माझ्या धांदरटपणाला खूप हसतात, मी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं होतं, मी दुसऱ्याच्या स्कूटरला किल्ली लावत बसले होते, आणि हे किस्से मीच जास्त रंगवून सांगते. मला ते हवं असतं. पण माझा शब्द अडकला की सगळ्या एकदम गंभीर होतात, कुणी नखं बघतं, कुणी मोबाईल. त्यांना मला दुखवायचं नसतं हे कळतं. तरी ती शांतता मला हसण्यापेक्षा जास्त बोचते, कारण तेवढ्यापुरती मी त्यांच्यातली राहत नाही, पेशंट होते.

एकच मैत्रीण वेगळी. एकदा रिक्षावाल्याला "क-क-कर्वे रोड" सांगेपर्यंत सिग्नल सुटला आणि रिक्षा पुढे निघून गेली, मी तिच्याकडे बघून हसले, मग ती हसली. माझ्या आधी नाही. तिने तो किस्सा आजपर्यंत दुसऱ्या कुणाला सांगितलेला नाही, मी सांगते तेव्हा शेजारी बसून हसते.

त्यामुळे कायमच्या गोष्टीवर कधीच हसायचं नाही असा नियम केलात तर माझ्यासारखीचं नुकसान आहे. किस्सा कुणाचा आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लीलाताई

रेवा, किती नेमकं लिहिलंस. +१.

खेकडा, तुमच्या वाडीबद्दल विचारते, रागावू नका. माझं माहेर पण कोकणातलं. तिथे थट्टा फिरती असते हे खरं, आज चिखल्या, उद्या तोच दुसऱ्याची उडवणार. पण आमच्या वाडीत एक बाई होती, नवरा गेलेला, भावाच्या आश्रयाला राहायची. तिचीही थट्टा व्हायची आणि ती पण हसायची. तिने मात्र उलटून कधी कुणाला काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणणार कशी, संध्याकाळी त्याच घरात जेवायचं होतं. वाडी सोडून ती पण गेली नाही हो.

खेकडा_मालवण

लीलाताई, खरा आसा. चिखल्या स्वतः तोंडाचा फाटका, तो सगळ्यांना पुरून उरायचा. ज्याला उलटा बोलता येत नाही त्याचा विचार मी केला नव्हता. पण मग स ला उलट बोलता येत होतं की, तो काय आश्रित नाही कुणाचा.

होस्टेल_नंबर_चार

एवढं हळवं होऊन चालत नाही. आमच्या वेळी होस्टेलला पहिल्या वर्षी सगळ्यांची उडवायचे, त्यातूनच जिवाभावाचे मित्र झाले. सगळ्यांना सारखंच.

वकीलसाहेबा

सारखंच नव्हतं, वरच्या वर्षातल्यांना कोणी उडवत नव्हतं. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंगबंदी कायद्याची व्याख्या वाचून बघा, त्यात मारहाणीबरोबर चिडवणं आणि प्रॅक्टिकल जोक पण येतात. मला त्यातला महत्त्वाचा भाग हा वाटतो की कायदा त्या विद्यार्थ्याला भीती, शरम किंवा संकोच वाटेल का ते विचारतो. "आम्ही गंमत करत होतो" हे तिथे उत्तर होत नाही. मित्रांच्या ग्रुपला कायदा लावा असं म्हणत नाहीये, पण प्रश्न कुठल्या बाजूने विचारायचा ते त्यातून घेण्यासारखं आहे.

ह्यूस्टनकर

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून. यावर जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांचा २००६ चा अभ्यास आहे. चिडवणाऱ्याला आपला हेतू आतून माहीत असतो, त्यामुळे आपण हलकं बोललो असं त्याला वाटतं आणि समोरच्यालाही ते कळलंच असणार असं तो धरून चालतो. समोरच्याला हेतू दिसत नाही, त्याला शब्द ऐकू येतात. त्यामुळे तेच चिडवणं दोघांना वेगवेगळ्या वजनाचं वाटतं. निशिगंधाच्या ग्रुपमधले "तो स्वतः हसला होता" म्हणणारे खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच तेवढंच दिसलं.

आणि स्वतः हसण्याबद्दल. माझ्या टीममध्ये एक जण प्रत्येक मीटिंगमध्ये स्वतःच्या इंग्लिश उच्चारांवर पहिला जोक मारतो. सगळे म्हणतात किती स्पोर्टिंग आहे. मला त्याने एकदा सांगितलं की मी नाही मारला तर दुसरा कोणीतरी मारेल, त्यापेक्षा मी मारलेला बरा.

अण्णा_पोथीवाले

या चर्चेत मयसभा कशी आली नाही याचं आश्चर्य वाटतंय.

आपल्या सगळ्यांना गोष्ट माहीत आहे, दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणून हसली. भांडारकर संस्थेची चिकित्सित प्रत उघडून सभापर्व वाचा, हे वाक्य तिथे नाही. तिथे काय आहे ते सांगतो. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र वर उचलतो, मग खऱ्या पाण्याला स्फटिक समजून आत पडतो. सेवक हसतात. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला लगेच कोरडी, चांगली वस्त्रं देतात. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. तो मात्र चेहऱ्यावर काही न दाखवता, त्यांच्याकडे न बघता पुढे जातो, आणि परत सपाट जमिनीवर पाणी समजून वस्त्र उचलतो, लोक परत हसतात. लागलं कुणालाच नाही. यजमानाने कपडे पण दिले. तर्कटींच्या भाषेत सगळं ठीक होतं.

पुढे हस्तिनापुरात तोच प्रसंग दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो तेव्हा यादी बदलते. आता कृष्ण अर्जुनाबरोबर मोठ्याने हसला, द्रौपदी स्त्रियांसह हसली आणि माझ्या मनाला यातना झाल्या, असं तो म्हणतो. आधीच्या वर्णनात द्रौपदी नाहीच. आणि सेवकांनी दुसरी वस्त्रं दिली, ते मला अधिकच दुःखाचं झालं, हेही तो बोलून दाखवतो. हसणाऱ्यांच्या बाजूने जी मदत होती ती पडलेल्याला हसण्यापेक्षा लागली. रेवाताईंच्या मैत्रिणींची शांतता वाचली तेव्हा मला हे आठवलं.

दुर्योधन असूयेने आधीच पेटलेला होता, त्यामुळे त्याची बाजू घेत नाही. पण "न बघता पुढे गेला" हे व्यासांनी लिहिलंय ते बघा. उघड चिडला असता तर कुणाला तरी कळलं असतं.

सह्यकडा

अण्णा, हे माहीत नव्हतं. मस्त. पण मग कोण खरं, निवेदक की दुर्योधन? द्रौपदी हसली की नाही?

अण्णा_पोथीवाले

पोथी त्याचा निकाल देत नाही. मला वाटतं पडलेल्या माणसाला सगळेच हसताना ऐकू येतात, जे नव्हते ते पण. पण दुर्योधन बापाला भरीस घालायला रचून सांगत होता असंही म्हणता येईल, तसे म्हणणारे अभ्यासू लोक माझ्या ओळखीत आहेत.

भटकी_मांजर

सगळं वाचलं. मला यात मोबाईलचा भाग सगळ्यात मोठा वाटतो आणि त्यावर कुणीच फार बोललं नाही. पूर्वी किस्सा तोंडाने सांगितला जायचा, सांगणारा समोरच्याचा चेहरा बघून कमीजास्त करायचा, स समोर बसला असेल तर "भात वाचला" हा त्याचा डायलॉग पण सांगितलाच जायचा, म्हणजे किस्स्यात तो हिरो होता. स्टिकरला आवाज नसतो. त्यात फक्त खाली बसलेला माणूस उरला. त्याचा विनोदच कापला गेला. जिने त्याला "खुर्चीवाले तुम्हीच" म्हटलं तिला भाताचं माहीतच नसणार.

शिवाय स्टिकर कुठल्याही विषयावर टाकता येतो. शेअर मार्केट पडलं, टाक स. मॅच हरली, टाक स.

निशिगंधा

भटकी, अगदी हेच. मॅचच्या वेळी तो स्टिकर किती जणांनी टाकला होता. आणि तिला खरंच भाताचं माहीत नव्हतं, मी विचारलं.

थोडं अपडेट. मांडववाल्यांचा खुर्चीवरचा प्रतिसाद मी नाव न सांगता ग्रुपवर टाकला. एक जण म्हणाला "बापरे, आपण डेकोरेशनवाल्याला सोडून स लाच धरलं." दुसरा म्हणाला आता काय खुर्चीवर पण अभ्यास करणार का, थट्टेची पण चोरी झालीये. दोन तट आहेत तसेच आहेत.

काल स ला फोन केला, विषय मीच काढला. तो म्हणाला हळदीचं काही नाही, मला स्वतःला ती संध्याकाळ आवडली होती. मग जरा थांबून म्हणाला की तेव्हापासून तो कार्यक्रमात प्लास्टिकच्या खुर्चीत बसत नाही, उभ्यानेच जेवतो, आणि लोक विचारतात बसत का नाही. ग्रुपवर बोलून का नाही दाखवलंस विचारलं तर म्हणाला, बोललो असतो तर "एवढं काय मनावर घेतोस" याचा पण स्टिकर झाला असता. खेकडा, तुम्ही विचारलं होतं ना की त्याला उलट बोलता येत होतं की. पहिला जोक त्याने मारला होता, त्यामुळे नंतर नाराज व्हायचा हक्कच आपल्याला नाही असं त्याला वाटत होतं.

खेकडा_मालवण

समाजला. हसला म्हणजे कायमचा परवाना दिला असा नाय.

मांडववाला_नाशिक

ताई, त्यांना सांगा बसायच्या आधी खुर्ची उलटी करून पायाचा जोड बघायचा आणि गुळगुळीत फरशीवर पाठ टेकून रेलायचं नाही, सरळ बसायचं. शंका वाटली तर दोन खुर्च्या एकात एक घालून बसायचं, आमच्याकडे बरेच पाहुणे तसं बसतात, कुणाला काही वाटत नाही.

तर्कटी

या धाग्यावरची सगळ्यात कामाची मदत मांडववाल्यांची आहे, मनापासून लिहितेय.

निशिगंधा, तुमच्या दुसऱ्या तटाला एक प्रश्न विचारून बघा. हळदीचा किस्सा स शेवटचा स्वतःहून कधी सांगत होता? ज्याची फजिती झाली तो माणूस किस्सा स्वतः सांगायचा थांबला आणि बाकीचे सांगत राहिले, तर मी तिथे सावध होते. रेवाने "किस्सा कुणाचा" म्हटलं ते असं बाहेरून दिसतं. सह्यकडांच्या शंकेचं, पहिल्या हसण्यात किती काय मिसळलेलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रेवा_आर

तर्कटी, ही खूण माझ्यावर पण चालते. शाळेतला प्रकट वाचनाचा एक किस्सा मी पूर्वी सांगायचे, आता नाही सांगत. मैत्रिणींनी पण सोडलाय, कुणी ठरवून नाही.

ह्यूस्टनकर

आमच्या टीममधल्या माणसाचं मात्र या खुणेत बसत नाही, तो अजून रोज स्वतःच सांगतो. त्याच्या बाबतीत काय करावं? मी हसलो नाही तर तो बिचकतो, हसलो तर त्याच्या भीतीला दुजोरा मिळतो.

लीलाताई

त्याच्या उच्चाराच्या जोकवर हसू नका, त्याच्या दुसऱ्या कुठल्याही जोकवर मोकळेपणाने हसा. माणूस विनोदी असेल तर त्याच्याकडे दुसरे जोक असणारच.

ह्यूस्टनकर

आहेत. मांजरींवरचे बरे असतात. करून बघतो.

वकीलसाहेबा

निशिगंधा, तो स्टिकर सगळ्यांच्या फोनमधून काढायला सांगितलात का? ग्रुपवर चर्चा करण्याआधी ते करा. आणि मूळ क्लिप कुणाकडे आहे ते बघा, ती लग्नाच्या अल्बमवाल्याकडे गेली असेल तर तिथूनही काढून घ्या, स ला विचारून.

निशिगंधा

स्टिकर तीन जणांनी काढला, बाकीच्यांना आज परत सांगते. क्लिपबद्दल स ला विचारलं, तो म्हणाला क्लिप राहू दे, त्यात भात आहे.